जेवण दारात आल्याचा निरोप

मी काय काम करते, हे माझ्या सासूबाईंना अजून नीट समजावता आलेलं नाही. "मोबाइलवर जे टुणकन वाजते न, ते लिहिते हे," असं त्या शेजारणीला सांगतात. शेजारीण मग माझ्याकडे अशा नजरेनं बघते की तिची दुपारची झोप मीच चोरली. तिचंही फारसं चुकत नाही. वाशिममध्ये घरपोच जेवण पोचवणारं एक लहानसं ॲप आहे. वाशिम, कारंजा आणि मंगरूळपीर एवढाच त्याचा पसारा. त्या ॲपवरून लोकांच्या पडद्यावर जी एका ओळीची सूचना उमटते, ती लिहिण्याचा पगार मी घेते. त्याआधी एका स्थानिक दैनिकात वाढदिवसाच्या आणि श्रद्धांजलीच्या जाहिराती लिहायचे. तिथे निदान लोक स्वतःहून यायचे, इथे आपण न बोलावता लोकांच्या खिशात जातो. हा फरक मला पहिल्या आठवड्यातच कळला होता. आमच्या मालकाला तो अजून कळलेला नाही.

मालक माझ्यापेक्षा लहान. घरची अडत, बाप बाजार समितीत सोयाबीन-तूर घेणारा. हा पुण्यात काही वर्षं नोकरी करून परत आला आणि बसस्टँडजवळ एका औषधाच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन त्यानं हे काढलं. मला ताई म्हणतो, मी त्याला भाऊ म्हणते. माणूस वाईट नाही, हे मी पूर्वी सगळ्यांना सांगायचे. आता सांगत नाही.

या ॲपला माझ्या घरातून एकच गिऱ्हाईक होतं, माझी आई. ती मंगरूळपीरला एकटी राहायची. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिनं आयुष्य काढलं. बाबा गेल्यावर दादानं पुण्याला चल म्हटलं, मी वाशिमला चल म्हटलं. तिनं दोघांनाही उडवून लावलं. "तुह्या सासूच्या घरी मी पाहुनी, अन् त्याच्या फ्लॅटात मी सामान. इथं मी मालकीन हावो." तिचं म्हणणं खोडून काढणं आम्हा दोघांना कधी जमलेलं नाही. तिचं अंगण, तिचा कडुलिंब, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो, रोज सकाळी त्याच्यापुढे लावायची मेणबत्ती आणि सुटीत शिकायला येणारी गल्लीतली पोरं, यातलं काहीही पुण्याला नेण्यासारखं नव्हतं.

पण मनगट मोडलं आणि भाकरी थापणं गेलं. कान तर आधीच गेले होते. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून ते कपाटात. दाराची कडी वाजवा, बेल दाबा, तिला पत्ता नाही. दादानं दिवा लागणारी बेल आणून बसवली. उन्हाळ्यात लाईट गेली की बेलही गेली. डबा फाटकाला अडकवून ठेवावा म्हटलं तर वानरं. आमच्या गल्लीतल्या वानरांना टिफिनची कडी उघडता येते. फोनवर तिला ऐकू येत नव्हतं, आणि कर्ज घ्या म्हणणाऱ्यांचे फोन यायला लागल्यापासून दादानं अनोळखी नंबर वाजूच नयेत अशी सोय केली होती. म्हणजे डबा घेऊन फाटकाशी उभा राहिलेला माणूस आणि आत बसलेली आई, यांच्यात एकच धागा उरला होता. कमरेच्या कापडी पिशवीत ठेवलेला मोबाइल थरथरायचा, ती चष्मा लावून एक ओळ वाचायची, 'जेवण दारात आलंय', आणि उठायची.

ती ओळ माझी होती. आईचा डबा गावातल्याच एका खानावळीतून यायचा. खानावळवाल्या बाईंकडे पोचवायला माणूस नव्हता, पोचवणारं आमचंच ॲप. तेव्हा आईचं त्या घरात राहणं त्या तीन शब्दांवर चाललं होतं म्हटलं तरी खोटं होणार नाही.

आई माझी पहिली परीक्षकही होती. दर रविवारी मी एसटीनं जायचे आणि ती आठवड्याभराच्या सूचना तपासायला बसायची. सुरुवातीला मी लिहिलं होतं, 'भूक लागली का?' तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला.

"हे काय व? असं विचारते का कोनी? आपल्याकडं आलेल्या मानसाले 'भूक लागली का' म्हनून विचारलं तं तो 'नाही' म्हनते अन् उपाशी जाते. पान वाढाचं अन् 'चला' म्हनाचं."

माझ्या धंद्याचं सगळं शिक्षण त्या एका वाक्यात होतं. त्यानंतर मी विचारणं सोडून दिलं, सांगायला लागले. 'गरम वरणफळं, साडेसातपर्यंत.' बस. लॉक केलेल्या पडद्यावर देवनागरीचे पाच-सहा शब्द मावतात, पुढे तीन टिंबं येतात. जो पदार्थ आहे तो पहिल्या दोन शब्दांत यायला हवा. तोरा, यमक, उद्गारचिन्हं, डोळा मारणारे पिवळे चेहरे, हे सगळं मी काढून टाकलं. 'फक्त दहा मिनिटं उरली' हे तर मी एकदाही लिहिलं नाही, कारण दहा मिनिटांनी काहीच संपत नसे आणि लोक इतके खुळे नसतात.

वेळ साधणं हे शब्दांपेक्षा अवघड. भूक लागल्यावर सूचना पाठवून उपयोग नाही, तोवर घरात कुकरच्या शिट्ट्या झालेल्या असतात. घरातली बाई 'आता काय करावं' म्हणून फ्रिज उघडून उभी राहते, ती वेळ हवी. वाशिममध्ये ती सातच्या आधी येते. कारंज्यातल्या जैन घरांत सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, तिथे सायंकाळी पाठवणं म्हणजे कुचेष्टाच. तिथे पाचच्या आत. मंगरूळपीरला रमजानमध्ये दिवसभर तोंड बंद, आणि जे पाठवायचं ते रोजा सोडण्याच्या पुरेसं आधी. शिवाय नियम केले. एका माणसाला दिवसात एकच. रात्री नऊनंतर काही नाही. तीनदा न उघडणाऱ्याला आठवडाभर सुट्टी. आणि ज्याची ऑर्डर चालू आहे त्याला त्या वेळेत जाहिरात अजिबात नाही, कारण जेवायला बसलेल्या माणसाला कोणी दुसऱ्या हॉटेलची पाटी दाखवत नाही.

मोठा हट्ट मी एकच केला. सूचनांचे दोन कप्पे वेगळे करवून घेतले. एक ऑफरचा, एक ऑर्डरचा. मोबाइलमध्ये ज्याला ऑफरचा कप्पा बंद करायचा त्यानं खुशाल करावा. त्याचं 'जेवण निघालं', 'जेवण दारात आलंय' चालूच राहील. अमरावतीच्या प्रोग्रॅमरनं कटकट केली, पण करून दिलं. मालकानंही मान डोलावली. मला वाटलं, त्याला पटलं. त्याला तेव्हा वादाचा कंटाळा आला होता, इतकंच.

दादानं आईच्या मोबाइलवरचा ऑफरचा कप्पा बंद करून टाकला होता. आई माझ्यावर रुसली. "तुहं लिहिलेलं आता मले दिसत नाही." मी म्हटलं, चालू करून देते. तर म्हणते, "राहू दे, मंग तो आला का मलेच रागावते." मी हसले होते. गिऱ्हाइकानं स्वतःहून बंद केलेलं आपण गोड बोलून चालू करू नये, हा माझा नियम आईलाही लागू, असं म्हणून मी तेव्हा स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

मे महिना आला. लग्नसराई, परगावी गेलेली माणसं, ऑर्डरी कमी. मालक सकाळ-संध्याकाळ पडद्यावरचा आलेख बघत बसायचा. ऑफरचा कप्पा अर्ध्याअधिक लोकांनी बंद केल्याचं त्याच्या लक्षात आलं. मी म्हटलं, दिवाळीत माझं न ऐकता दिवसाला चार-चार पाठवले, त्याची ही फळं. तो म्हणाला, "ताई, तुमी लय नाजूक लिहिता. लोक उघडतच नाही. आता पाहा गंमत."

त्याची गंमत अशी होती. सूचना ऑर्डरच्या कप्प्यातून पाठवायची, कारण तो कोणी बंद करत नाही. आणि ओळ अशी: 'जेवण दारात आलंय… असं वाचायला आवडेल ना? आत्ताच मागवा!' आलंय नंतर ओळ तोडायची, म्हणजे पडद्यावर पहिले तीन शब्द आणि टिंबं. खाली ओढल्याशिवाय बाकीचं दिसणार नाही. माणूस दचकून उघडणारच.

मी म्हटलं, "भाऊ, ते तीन शब्द आपले नाहीत. ज्यानं पैसे भरले त्याचे आहेत ते."

"शब्द का कोनाच्या बापाचे असतात का, ताई?" तो हसला. "तुमीच लिहिले न? मंग वापरू द्या."

मी सांगितलं की लोकांचा त्या ओळीवर विश्वास आहे, एकदा खोटी ठरली की खरीसुद्धा कोणी वाचणार नाही. आईचंही सांगितलं. तो म्हणाला, "तुमच्या आईले सांगून ठेवा न फोन करून." ज्या बाईला फोन ऐकू येत नाही तिला फोन करून. मी त्याला तेही बोलून दाखवलं. "बरं बरं, पाहू," असं म्हणून त्यानं मान वळवली. पाहू म्हणजे थांबू, असा अर्थ मी घेतला आणि घरी गेले. त्यानं दुसऱ्या दिवशी मला न विचारता ती पाठवून दिली.

पावणेबाराला ती सगळ्या गावांत गेली. चालू ऑर्डरवाल्यांना वगळायचा माझा नियम फक्त ऑफरच्या कप्प्याला लावलेला होता. ऑर्डरच्या कप्प्यात तो असण्याचं कारणच नव्हतं. आईनं नेहमीप्रमाणे अकराला डबा सांगितला होता. तो अजून खानावळीत भरलाही जात नव्हता. तिची कंबर थरथरली. तिनं चष्मा लावला, वाचलं, उठली, फाटकाशी गेली. कोणी नाही. तिला वाटलं, पोरगा नवा असेल, पुढच्या गल्लीत शिरला असेल. मागे असंच झालं होतं. तो उन्हात आपलं घर शोधत फिरतोय आणि आपण आत पंख्याखाली बसायचं, हे तिच्या मास्तरकीला पटलं नाही. ती फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिली, त्याला दिसावी म्हणून. विदर्भातल्या मे महिन्यात, डोक्यावर नुसता पदर घेऊन. किती वेळ, ते तिला सांगता आलं नाही. समोरच्या बाईनं खिडकीतून पाहिलं तेव्हा ती फाटकाला धरून खाली बसलेली होती.

त्या बाईनं तिला आत नेलं, डोक्यावर ओला टॉवेल ठेवला, कांद्याचा रस लावला, मीठसाखरेचं पाणी पाजलं आणि दादाला फोन केला. मला नाही; मुलाला आधी, अशीच रीत आहे. दादानं तिला व्हिडिओवर आईचा मोबाइल दाखवायला लावला, ती सूचना पाहिली आणि भडकला. "त्या सूचनेवर बोट दाबून धरा, बंद करा ते," असं तिला सांगितलं. त्यानं काही चुकीचं केलं नाही. मीही दुसऱ्या कोणाला हाच सल्ला दिला असता. पण दाबून धरलेली सूचना ऑर्डरच्या कप्प्यातून आलेली होती, म्हणून तो कप्पाच बंद झाला. त्यानंतर साडेबाराला खरं जेवण दारात आलं. त्या माणसानं बेल दाबली, पण लाईट नव्हती. समोरची बाई तोवर आपल्या घरी गेली होती. माणूस हाका मारून, फोन लावून, डबा फाटकाला अडकवून निघून गेला. वानरांनी आपलं काम केलं. आईनं त्या दिवशी चहात बुडवून बिस्किटं खाल्ली आणि दुसऱ्या दिवशीही तेच, कारण दुसऱ्या दिवशीही तिचा मोबाइल मुकाच होता. तक्रार कोणाकडे करायची नाही, ही तिची सवय.

मला हे तिसऱ्या दिवशी दादाच्या शिव्यांतून कळलं. आधी मी मालकाकडे गेले. तो आलेखासमोरच बसला होता, खुशीत. सूचना उघडणाऱ्यांचा आकडा असा कधी चढलाच नव्हता. मी काय झालं ते सांगितलं. त्याचा चेहरा पडला, हे कबूल करते. "अरे बापरे. आता कशी हाये तब्येत?" विचारलं. आणि मग, देवाशपथ, त्याच वाक्याला जोडून म्हणाला, "आईले एक कूपन पाठवतो आपल्याकडून."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "कूपन राहू द्या. मला एक शब्द द्या. ऑर्डरच्या कप्प्यातून यापुढे कधीच जाहिरात जाणार नाही. एवढंच म्हणा."

तो खुर्चीत मागे रेलला. आलेखाकडे बघितलं. "कधीच कसं म्हनू ताई? रोज नाही पाठवत. पन सनावाराले लागन तं…"

"पोळ्याला माझी आई पुन्हा रस्त्यावर उभी राहील."

"तुमच्या आईचा नंबर वगळतो न. एकटीचा."

मी विचारलं, मंगरूळपीरमध्ये, कारंज्यात अजून किती म्हाताऱ्या माणसांची कंबर अशी थरथरते, ते तुमच्या आलेखात दिसतं का? तो म्हणाला, "तुमी इमोशनल होऊन राहिल्या." या वाक्यानंतर आमच्याकडे बोलणं संपतं. त्यानं आईचा नंबर खरंच वगळला की नाही, हे मला कधीच कळलं नाही. प्रोग्रॅमर म्हणाला, एकटा नंबर वगळायची सोयच केलेली नाही, करू सावकाश. ज्यांनी त्या दिवशी सगळंच बंद करून टाकलं, ते आलेखात कुठेच दिसत नव्हते. त्यांना सूचना पोचतच नाही, मग न उघडणाऱ्यांत ते मोजायचे कसे? राग आलेला माणूस आमच्या हिशेबातून गुपचूप उठून जातो आणि उरलेल्यांचा टक्का वाढतो. मालक त्याला यश म्हणतो.

रविवारी मंगरूळपीरला गेले तर दादा आधीच आलेला. गाडी दारात, डिकी उघडी. तो माझ्याशी बोलेना. मी आईचा मोबाइल घेतला आणि ऑर्डरचा कप्पा पुन्हा चालू केला. तेवढ्यात तो कडाडला, "कशाला चालू करतेस? तुझ्या कंपनीच्या भरवशावर तिला इथे ठेवू?"

"कंपनीच्या नाही, माझ्या," असं मी म्हणणार होते. तोंडाशी आलं होतं.

आई खाटेवर बसून आमची तोंडं बघत होती. ऐकू येत नसलं की माणसाला चेहरे फार लवकर वाचता येतात. चार दिवसांत ती वाळली होती, ओठ फुटले होते, पण नजर वर्गावरची होती. तिनं हातानं दादाला गप्प केलं आणि मला जवळ बसवलं. मोबाइल माझ्या हातातून घेऊन पिशवीत ठेवला, पिशवी कमरेला बांधली.

"हे पाह्य," ती म्हणाली. "त्याले काही समजत नाही. तो मले नेतोच म्हनते. पन ते लिहिनारी तू हायस. तू म्हनशीन तं मी राहतो इथंच. त्या दिवशी मी उठली, तं ते खोटं निंगालं. आता मले सांग. उद्या माहा फोन थरथरला, 'जेवण दारात आलंय' म्हने, तं मी उठू का नको?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. बाहेर फाटकाच्या भिंतीवर वानरं बसली होती. मला फक्त 'ऊठ' म्हणायचं होतं. ज्या बाईनं मला अक्षर ओळखायला शिकवलं, तिच्या तोंडावर मी आजवर खोटं बोलले नव्हते असं नाही. पण हे खोटं तिला पुन्हा रस्त्यावर उभं करणारं होतं, आणि मालकाचं ते 'सनावाराले' माझ्या कानात होतं. मी तिला ऐकू जावं म्हणून तिच्या कानाशी तोंड नेलं.

"नको उठू," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. रडली नाही, रागावलीही नाही.

"मंग कायले राहू मी इथं?" असं म्हणून ती उठली आणि गॅसचा कॉक बंद करायला आत गेली.